बिल बंद होण्याआधी

एप्रिल २०२४. एका पतसंस्थेच्या मॅनेजर साहेबांचा फोन आला. मी तेव्हा एका कंपनीत होतो. बँका, पतसंस्था, दवाखाने, शाळा यांच्या वतीने त्यांच्या लोकांना एसएमएस पाठवायचे आणि महिन्याच्या शेवटी जितके गेले तितक्याचं बिल लावायचं, हे तिचं काम. बिलाचा हिशेब सांभाळणाऱ्या चौघांपैकी मी एक. साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचं बिल आणि आमची वही जुळत नाही. फरक फार नाही, पण दर महिन्याला आहे आणि दर महिन्याला तुमच्याच बाजूने आहे."

त्यांनी पाठवलेली शीट मी उघडली. त्यांनी आमच्याच तपशिलातल्या दोन ओळी पिवळ्या केल्या होत्या. सभासद तोच, मजकूर तोच. पहिल्या ओळीची वेळ १२ मार्च, सकाळी ११ वाजून ४ मिनिटं ७ सेकंद. दुसरीची ११ वाजून ४ मिनिटं १२ सेकंद. साहेबांनी त्या सभासदाला बोलावून त्याचा मोबाइल पाहिला होता. त्यावर मेसेज एकच होता. आमच्या बिलात मात्र दोन.

खाली अशा आणखी पन्नासेक जोड्या होत्या. त्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. प्रत्येक जोडीत अंतर पाचच सेकंदांचं होतं. चार नाही, सहा नाही. माणूस चुकतो तेव्हा इतका नेमका चुकत नाही, तेव्हा दोष यंत्रात होता हे उघड होतं. तो कुठे होता ते सांगण्याआधी मोजणी कशी चालते ते सांगायला हवं.

घरातला विजेचा मीटर आकडा साठवत जातो. आज ४,८१२, महिन्याने ४,९३०. वजाबाकी केली की ११८ युनिट. वाचणाऱ्याने तोच आकडा दोनदा लिहिला तरी काही बिघडत नाही, आणि एक महिना वाचायचाच राहिला तरी पुढच्या वाचनात तो वापर आपोआप येतो. एसएमएस, क्लाउडवरची साठवण, नकाशाच्या सेवेला विचारलेले प्रश्न यांची मोजणी बहुधा अशी नसते. तिथे प्रत्येक वापराची एक सुटी चिठ्ठी तयार होते आणि ती दूरवरच्या हिशेबाच्या यंत्राकडे धाडली जाते. या चिठ्ठीला इव्हेंट म्हणतात, मी नोंद म्हणेन. चिठ्ठ्या मोजून बिल होतं. त्यामुळे चिठ्ठी दोनदा आली तर बिल फुगतं, हरवली तर कंपनी बुडते, आणि बिल गेल्यावर आली तर ती कुठे लावायची हा प्रश्न उभा राहतो.

आमची चिठ्ठी साधारण अशी असायची:

```json
{
  "tenant_id": 417,
  "event_id": "mum2-0009184",
  "event_time": "2025-03-12T11:04:07+05:30",
  "segments": 2
}
```

ग्राहक कोण, या नोंदीची ओळख काय, वापर केव्हा झाला आणि किती झाला, एवढंच तिच्यात असतं. शेवटच्या रकान्याबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्या भाषेचा त्याच्याशी थेट संबंध आहे. बिल मेसेजचं नसतं, मेसेजच्या भागांचं असतं. एका एसएमएसच्या पोटात १४० बाइट मावतात. साधी इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांची, म्हणून ती १६० बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात, म्हणून ७०. मजकूर त्याहून लांब झाला की तुकडे पडतात, आणि तुकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येकातले सहा बाइट खर्ची पडतात. मग इंग्रजीची १५३ अक्षरं मावतात आणि मराठीची ६७ चिन्हं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'हप्ता' हा डोळ्यांना दोन अक्षरी शब्द; पण यंत्र ह, प, पायमोडका हलंत, त आणि काना अशी पाच चिन्हं मोजतं. १४० चिन्हांचा मराठी मेसेज त्यामुळे तीन भागांत जातो, तेवढाच इंग्रजी मेसेज एकात मावतो. इंग्रजी मजकुरात एक रुपयाचं चिन्ह घातलं तरी सगळा मेसेज सहसा ७० च्या हिशेबात जातो, आणि म्हणूनच पुष्कळ बँका अजून Rs. लिहितात. हे भाग मेसेज पाठवतानाच मोजून चिठ्ठीवर लिहिले पाहिजेत. नंतर मजकुरावरून पुन्हा मोजू म्हटलं तर तोवर मजकूर पुसलेला असतो, आणि तो पुसलेलाच असावा, कारण त्यात लोकांच्या पैशांची खासगी माहिती असते.

आता त्या पाच सेकंदांकडे येतो. आमचा मेसेज पाठवणारा सर्व्हर ऑपरेटरकडे मेसेज देई आणि लगेच हिशेबाच्या यंत्राला चिठ्ठी धाडी. यंत्राने 'मिळाली' अशी पोचपावती द्यायची. पाच सेकंदांत पोचपावती आली नाही तर सर्व्हर पुन्हा चिठ्ठी धाडणार, असा नियम होता. नियम बरोबरच होता. पण पोचपावती आली नाही याचे दोन अर्थ होतात. एक, चिठ्ठीच पोचली नाही. दुसरा, चिठ्ठी पोचली, वहीत चढली, आणि परत येणारी पोचपावती वाटेत हरवली. पाठवणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळायला काहीच मार्ग नाही. पोचपावतीची पोचपावती मागितली तर तीही हरवू शकते. संगणकशास्त्रात हा कूटप्रश्न दोन सेनापतींच्या नावाने ओळखला जातो. शत्रूच्या दोन बाजूंना तळ ठोकून बसलेल्या सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचा आहे आणि त्यांचे जासूद वाटेत पकडले जाऊ शकतात. कितीही जासूद धाडले तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही. १९७५ मध्ये हा प्रश्न मांडला गेला आणि याला उत्तर नाही हे सिद्ध झालेलं आहे.

तेव्हा मोजणी करणाऱ्याला निवड करावी लागते. एकदाच धाडायची आणि हरवली तर हरवली म्हणायचं, किंवा पोचपावती येईपर्यंत धाडत राहायचं आणि काही चिठ्ठ्या दोनदा पोचतील हे धरून चालायचं. हिशेबात दुसरीच वाट धरतात, कारण दोनदा आलेली चिठ्ठी नंतर काढून टाकता येते. न आलेली निर्माण करता येत नाही. अट एकच: दुसऱ्यांदा आलेली चिठ्ठी ही पहिलीच आहे हे ओळखता आलं पाहिजे.

आमचं नेमकं इथेच चुकलं होतं. चिठ्ठीचा ओळखक्रमांक ती धाडताना तयार होत होता. पहिल्या वेळी एक क्रमांक, पाच सेकंदांनी पुन्हा धाडताना नवा क्रमांक, आणि वेळही त्या क्षणाची. एकाच मुलाला शाळेत दोनदा नेऊन दोन वेगळ्या जन्मतारखांनी दाखल करावं तसं झालं. हजेरीपटावर दोघं दिसणारच. हिशेबाचं यंत्र दोन्ही क्रमांक वेगळे पाहून दोन्ही ओळी चढवत होतं आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच करत होतं.

माझ्या एका सहकाऱ्याने तेव्हा सोपा तोडगा सुचवला. ग्राहक तोच, मोबाइल तोच, मजकूर तोच आणि अंतर दहा सेकंदांच्या आत असेल तर दुसरी ओळ गाळायची. दोन दिवस मलाही तो पटला होता. मग आम्ही एका दवाखान्याच्या नोंदी त्या चाळणीतून घालून पाहिल्या. एका बाईंच्या मोबाइलवर दोन मुलांच्या लसीची आठवण एकाच सेकंदाला गेली होती. मजकुरात मुलांची नावं नव्हती, म्हणून दोन्ही मेसेज शब्दशः सारखे होते. मेसेज खरोखर दोन होते, ऑपरेटरने दोघांचे पैसे आमच्याकडून घेतले होते, आणि आमच्या चाळणीने एक खाल्ला असता. दिसायला सारखं म्हणजे तेच, असं धरून हिशेब करता येत नाही. तीच नोंद पुन्हा आली की तशीच दुसरी नोंद आली, हे फक्त जिथे वापर झाला त्या जागेलाच माहीत असतं.

म्हणून ओळखक्रमांक तिथेच जन्मला पाहिजे. ऑपरेटरने मेसेज स्वीकारला त्या क्षणी सर्व्हरने क्रमांक आणि वेळ ठरवायची, दोन्ही आपल्या डिस्कवर लिहायची, आणि मगच चिठ्ठी धाडायची. मग ती दहा वेळा धाडली तरी क्रमांक आणि वेळ तीच. हिशेबाच्या बाजूला काम उरतं ते एवढंच:

```sql
INSERT INTO usage_events
  (tenant_id, event_id, event_time, segments)
VALUES
  (417, 'mum2-0009184', '2025-03-12 11:04:07+05:30', 2)
ON CONFLICT (tenant_id, event_id) DO NOTHING;
```

या ग्राहकाचा हा क्रमांक वहीत आधीच असेल तर काही करू नकोस, एवढाच याचा अर्थ. `ingested_at` नावाच्या आणखी एका रकान्यात नोंद आमच्याकडे केव्हा पोचली ती वेळ वही स्वतःच लिहिते. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. क्रमांक तोच पण आधी दोन भाग आणि आता तीन भाग, अशी चिठ्ठी आली तर ती मुकाट्याने गाळायची नाही. ती वेगळ्या टोपलीत टाकून माणसाने पाहायची. तसं होणं म्हणजे क्रमांक देणारी यंत्रणाच बिघडली आहे. बहुधा सर्व्हर नव्याने बसवला आणि त्याचा गणक पुन्हा एकपासून सुरू झाला, असं काहीतरी. अशा वेळी 'दुबार' म्हणून गाळलेल्या नोंदी खऱ्या असतात.

त्या वर्षी आम्ही हे सगळं बदललं. पतसंस्थेला जादा आकारलेल्या रकमेच्या क्रेडिट नोट दिल्या. मॅनेजर साहेबांच्या पिवळ्या ओळी बंद झाल्या. दुबार नोंदींचा प्रश्न मिटला असं मला वाटलं होतं. पण उशिरा येणाऱ्या नोंदींचा विचार आम्ही अजून नीट केलेला नव्हता, आणि दोन्ही प्रश्न आतून एकमेकांत गुंतलेले आहेत हे मला पुढच्या वर्षी कळलं.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात: वापर कधी झाला आणि आमच्या वहीत ती कधी चढली. एरवी दोघींत सेकंदाचाही फरक नसतो, म्हणून एकीनेच भागेल असं वाटतं. बिल मात्र पहिल्या वेळेवर लागतं. ३१ मार्चच्या रात्री पाठवलेला मेसेज १ एप्रिलच्या पहाटे वहीत चढला तरी तो मार्चचाच. दर बदलला असेल तर त्याला मार्चचाच दर लागला पाहिजे. यात एक छुपा खड्डा आहे. संगणक बहुधा जागतिक वेळ पाळतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. १ एप्रिलला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी इथे पाठवलेला मेसेज जागतिक वेळेनुसार ३१ मार्चच्या संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांचा असतो. महिन्याची सीमा त्या घड्याळाने आखली तर एप्रिलचे पहिले साडेपाच तास मार्चमध्ये, आणि आपल्याकडे तर थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात. एकूण बेरीज बारा महिन्यांत जवळपास जुळते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. ग्राहकाने ३१ मार्चचा एकच दिवस वेगळा तपासला की सापडते.

मग बिल बंद कधी करायचं? महिना संपल्यावर थांबायचं हे सगळ्यांना मान्य असतं, प्रश्न किती थांबायचं हा. याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. वहीत दोन्ही वेळा असतात, त्यांची वजाबाकी करून पाहावी. आमच्याकडे बहुतेक नोंदी मिनिटाभरात येत, काही थोड्या काही तासांनी, आणि दोन दिवसांनंतर येणारी नोंद क्वचितच. म्हणून आम्ही पुढच्या महिन्याच्या ४ तारखेची दुपारी १२ ही वेळ ठरवली. तोवर बिल कच्चं, ग्राहकाला स्क्रीनवर दिसणारं, रोज बदलणारं. १२ वाजले की पक्कं.

पक्कं याचा अर्थ आपल्याकडे फार कडक आहे. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायाला दुसऱ्या व्यवसायाला द्यायचं बिल सरकारी ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथून त्या बिलाला ६४ चिन्हांचा एक क्रमांक मिळतो. तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरूनच तयार होतो. तेच बिल पुन्हा नोंदवायला गेलं तर पोर्टल ते दुबार म्हणून परत करतं. आम्ही आमच्या चिठ्ठ्यांसाठी जे केलं तेच सरकारने बिलांसाठी केलं आहे. एकदा क्रमांक मिळाला की पोर्टलवर बिलात खाडाखोड करता येत नाही. २४ तासांच्या आत ते अख्खं रद्द करता येतं, पण मग तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्यानंतर चूक सुधारायची ती नव्या कागदाने: जास्त लावलं असेल तर क्रेडिट नोट, कमी लावलं असेल तर डेबिट नोट, दोन्हींवर मूळ बिलाचा उल्लेख. म्हणून पक्क्या बिलातली बेरीज कशाची होती हे वर्षाने विचारलं तरी तीच संख्या पुन्हा काढता आली पाहिजे. ते दुसऱ्या वेळेमुळे जमतं:

```sql
SELECT SUM(segments)
FROM usage_events
WHERE tenant_id = 417
  AND event_time >= '2025-03-01 00:00+05:30'
  AND event_time <  '2025-04-01 00:00+05:30'
  AND ingested_at <= '2025-04-04 12:00+05:30';
```

वापर मार्चमधला आणि ४ एप्रिलच्या दुपारपर्यंत आमच्या वहीत आलेला. शेवटची ओळ नसती तर याच प्रश्नाचं उत्तर १० एप्रिलला वेगळं आलं असतं, आणि बिल बरोबर होतं की चूक हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आता मार्च २०२५. तीच पतसंस्था. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे मी थोडे गोल केले आहेत. दर होता पहिल्या चार लाख भागांना भागामागे २० पैसे आणि त्यापुढे १८ पैसे.

४ एप्रिलच्या दुपारपर्यंत मार्चच्या २,६८,६५५ चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या ३,१५५ आधीच्याच क्रमांकाच्या, म्हणजे दुबार. आदल्या वर्षीची यंत्रणा असती तर त्यांचे सुमारे नऊशे रुपये पतसंस्थेच्या माथी बसले असते. त्या गळून उरल्या २,६५,५०० नोंदी आणि त्यांचे भाग ३,९८,२५०. वीस पैशांनी ७९,६५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १४,३३७, एकूण ९३,९८७. बिल पक्कं झालं, पोर्टलवर नोंदवलं, ग्राहकाकडे गेलं.

७ एप्रिलला, सोमवारी, आमच्यातल्या एकाने मुंबईतल्या एका सर्व्हरची डिस्क का भरते आहे म्हणून पाहिलं, तेव्हा `spool-0330.jsonl` नावाची फाइल सापडली. ३० मार्चला गुढीपाडवा होता. संध्याकाळी ७ च्या सुमाराला त्या सर्व्हरचा हिशेबाच्या यंत्राशी संपर्क तुटला. मेसेज जात राहिले, कारण ऑपरेटरकडची वाट वेगळी होती. चिठ्ठ्या मात्र ठरल्याप्रमाणे डिस्कवरच्या फाइलमध्ये साठत राहिल्या. रात्री कुणीतरी सर्व्हर बंद करून चालू केला, संपर्क जुळला, नवी फाइल सुरू झाली, आणि जुनी फाइल पुढे पाठवायचं काम ज्या प्रोग्रामकडे होतं तो आपोआप सुरू झालाच नाही. आठ दिवस ती फाइल तिथे पडून होती.

फाइल आम्ही पुढे पाठवली. तिच्यात पतसंस्थेच्या २,१४० ओळी होत्या. पाठवणारा प्रोग्राम फाइल पहिल्या ओळीपासून वाचतो. कुठपर्यंत पाठवून झालं होतं याची त्याची खूण सर्व्हर बंद केला तेव्हाच गेली होती. त्यामुळे संपर्क तुटण्याआधी पोचलेल्या २४० ओळी आठ दिवसांनी पुन्हा आल्या. वहीने त्या ओळखल्या आणि नाकारल्या. नव्या चढल्या १,९००, त्यांचे भाग २,८५०.

मी ज्या गुंत्याबद्दल बोललो तो हा. पुष्कळ यंत्रणा 'हा क्रमांक आधी आला होता का' हे तपासायला सगळी वही उलगडत नाहीत. गेल्या काही तासांचे क्रमांक हाताशी ठेवतात, कारण ते स्वस्त आणि झटपट असतं. पुन्हा धाडणं पाच सेकंदांत होतं, तेव्हा एक दिवसाची आठवण पुरे असं वाटतं. आमची आठवण एका दिवसाची असती तर ३० मार्चच्या २४० नोंदी ७ एप्रिलला नव्या म्हणून चढल्या असत्या. जितक्या उशिरापर्यंत नोंद स्वीकारायची तितक्या मागचे क्रमांक लक्षात ठेवावेच लागतात. ही दोन मापं वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या दिवशी ठरवतात आणि मग त्यांच्यात फट राहते. बाहेरची बिलिंग सेवा वापरली तरी हे पाहून घ्यावं लागतं. स्ट्राइप या सेवेचं उदाहरण घ्या. तिथे वापराची नोंद ३५ दिवसांपर्यंत मागच्या वेळेची देता येते, आणि तोच क्रमांक पुन्हा येऊ न देण्याची हमी किमान २४ तासांची आहे. हे ते लपवत नाहीत, त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण याचा अर्थ असा की पलीकडच्या दिवसांची काळजी नोंद पाठवणाऱ्याने घ्यायची. स्वतःची वही ठेवून, तिच्यातून गाळूनच पुढे पाठवायचं.

राहिला पैशांचा भाग. आलेल्या २,८५० भागांचे किती रुपये? वीस पैशांनी ५७० होतात. अठरा पैशांनी ५१३. आमच्या प्रोग्रामने पहिल्यांदा ५१३ काढले होते, कारण नव्या बॅचकडे पाहताना त्याला एवढंच दिसलं की मार्चची बेरीज आता चार लाखांच्या वर आहे. दोन्ही उत्तरं चूक आहेत. उशिरा आलेल्या नोंदींना सुटा दर लावायचाच नसतो. अख्खा मार्च नव्याने मोजायचा, जणू काही उशीर झालाच नव्हता. ३,९८,२५० आणि २,८५० मिळून ४,०१,१०० भाग. पहिल्या चार लाखांचे ८०,००० रुपये, वरच्या १,१०० चे १९८, एकूण ८०,१९८. त्यातून आधी आकारलेले ७९,६५० वजा. उरले ५४८. हा आकडा नोंदी कुठल्या क्रमाने आल्या यावर अवलंबून नाही, आणि पतसंस्था तिच्या वहीवरून कधीही बिल पडताळायला बसली तर तिलाही हाच मिळेल.

एवढ्याशा रकमेसाठी हा खटाटोप कशाला, सोडून द्या, असं एक मत आमच्याकडे होतं. आपल्या चुकीचा फटका ग्राहकाला नको, या भावनेचा मला आदर आहे, आणि रक्कम माफ करायची तर तेही करता येतं. पण ती आधी मोजून, वहीत दाखवून, मग माफ करावी. मोजलीच नाही तर आपल्याकडून किती सुटतं हे कधीच कळत नाही. आमच्या बाबतीत ती फाइल एकट्या पतसंस्थेची नव्हती, त्या सर्व्हरवरच्या सगळ्या ग्राहकांची होती.

मला खरी बोच लागली ती वेगळ्या गोष्टीची. फाइल सापडली ती डिस्क भरली म्हणून. डिस्क मोठी असती तर ती पुढच्या दिवाळीपर्यंत पडून राहिली असती. दुबार नोंद निदान दिसते, ग्राहक पिवळी करून पाठवतो. न आलेली नोंद कुणालाच दिसत नाही, आणि ग्राहक तिच्याबद्दल फोनही करत नाही. तिला शोधायचं तर ती नाही हे कळण्याची सोय आधी हवी. आम्ही त्यानंतर दोन गोष्टी सुरू केल्या. प्रत्येक सर्व्हरच्या चिठ्ठ्यांना आधीपासून ओळीने क्रमांक होतेच; ते सलग आहेत का हे दर तासाला तपासायला लागलो. ४,१०० पर्यंत आले आणि पुढचा ४,३५१ आला, तर मधल्या २५० चिठ्ठ्या कुठेतरी अडकल्या आहेत. आणि प्रत्येक सर्व्हर दर तासाला, एकही मेसेज गेला नसला तरी, 'या तासात माझा शेवटचा क्रमांक हा' असं कळवायला लागला. कारण काहीच न येणं याचे पुन्हा दोन अर्थ होतात: काम नव्हतं, किंवा वाट बंद आहे. ४ तारखेला दुपारी बिल पक्कं करणारा प्रोग्राम आता घड्याळाआधी हे पाहतो. एका जरी सर्व्हरच्या क्रमांकांत खंड असेल तर तो त्या सर्व्हरच्या ग्राहकांची बिलं रोखून धरतो आणि आमच्यापैकी एकाला उठवतो.

तिसरी पडताळणी ऑपरेटरच्या बिलाशी होते. आम्ही किती भाग दिले हे तोही मोजतोच आणि त्याचे पैसे आमच्याकडून घेतो. त्याची संख्या आमच्यापेक्षा जास्त आली तर आमच्या नोंदी गळत आहेत, कमी आली तर आम्ही दुबार मोजतो आहोत. ते बिल महिन्याच्या १० तारखेनंतर येतं, म्हणून बंद करण्याआधी त्याचा उपयोग नाही. पण बंद केलेलं किती बरोबर होतं हे सांगणारा दुसरा बाहेरचा साक्षीदार आमच्याकडे नव्हता. २०२४ सालच्या मार्चचं ऑपरेटरचं बिल मी नंतर काढून पाहिलं. ते पतसंस्थेच्या वहीशी जुळत होतं.

डेबिट नोट पाठवण्याआधी मी मॅनेजर साहेबांना फोन केला. ३० मार्चला संध्याकाळी काय झालं ते सांगितलं आणि १,९०० नोंदींची यादी, क्रमांक आणि दोन्ही वेळांसकट, पाठवली. त्यांनी ती त्यांच्या वहीशी ताडून पाहायला दोन दिवस घेतले. मग त्यांचा निरोप आला: "जुळतंय. या नोंदी आमच्याकडे होत्या, तुमच्या बिलात नव्हत्या. मीच विचारणार होतो." डेबिट नोटवर त्यांच्या मार्चच्या बिलाचा क्रमांक होता आणि खाली एकच ओळ: मार्च २०२५ चा उशिरा नोंदलेला वापर, २,८५० भाग, ५४८ रुपये, जीएसटी ९८ रुपये ६४ पैसे, एकूण ६४६ रुपये ६४ पैसे.